त्याच संध्याकाळचं पत्र

मुलाखत देऊन आल्यावर त्याच दिवशी, चार-दोन तासांच्या आत, मुलाखत घेणाऱ्यांना आभाराचं पत्र पाठवावं असं सांगितलं की आपल्याकडच्या मुलांचा चेहरा कसनुसा होतो. "कशाला उगाच पुढे पुढे करायचं?" हे त्यांच्या तोंडी हमखास येतं. मला ही कुचंबणा समजते. आपण घरात वडीलधाऱ्यांचे आभार मानत नाही. वाकून नमस्कार करतो, सांगितलेलं काम करतो, त्यातच सगळं आलं. आणि कचेरीत साहेबांना गोड गोड बोलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे ज्यांच्या हातात आपली नोकरी आहे, त्यांनाच 'आपण वेळ दिलात, आपल्याशी बोलून फार बरं वाटलं' असं लिहिणं म्हणजे लोणी लावणंच, असं सरळ मुलाला वाटावं यात काही चूक नाही.

ही रीत मुळात अमेरिकेतली. तिथे पूर्वी मुलाखतीनंतर हाताने लिहिलेलं छोटं कार्ड टपालाने पाठवत. आता ईमेल पाठवतात. तिथल्या विद्यापीठांमधली नोकरी-मार्गदर्शन केंद्रं मुलांना सांगतात, की चोवीस तासांच्या आत पत्र गेलं पाहिजे आणि त्यात बोलण्यातल्या एखाद्या नेमक्या मुद्द्याचा उल्लेख असला पाहिजे. आपल्याकडे ही रीत आयटी कंपन्यांबरोबर आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांबरोबर आली. येताना पहिला अर्धा भाग आला, दुसरा वाटेत राहिला. पत्र आलं, मुद्दा आला नाही. मग 'आपल्या नामांकित संस्थेबद्दल जाणून घेण्याची संधी मिळाली' असल्या ठरीव वाक्यांचे ईमेल सुरू झाले.

मी बरीच वर्षं भोसरी-चाकणच्या पट्ट्यात मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसलो. अशी पत्रं पुष्कळ पाहिली आणि त्यातली बहुतेक उघडून लगेच मिटली. नावं झाकली तर कोणतं पत्र कुणाचं हे सांगता आलं नसतं. पण अधूनमधून एखादं पत्र यायचं आणि ते वाचताना खुर्चीत जरा सावरून बसावं लागायचं. त्या पत्रात आणि बाकीच्यांत फरक एवढाच असायचा, की ते माझ्याबद्दल नसायचं, कंपनीबद्दलही नसायचं. दुपारी टेबलावर अर्धवट राहिलेल्या एखाद्या प्रश्नाबद्दल असायचं.

त्यातलंच एक इथे उलगडून सांगतो.

एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरची जागा होती. डिप्लोमा करून दोन-तीन वर्षं काम केलेला नाशिककडचा एक मुलगा आला होता. आमच्याबरोबर प्रॉडक्शनचे प्रमुख बसले होते. त्यांनी त्याला पुस्तकातलं काही विचारलं नाही, स्वतःचं दुखणंच विचारलं. "आमच्याकडे सीएनसीवर पंचवीस मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट होतो. माप दहा मायक्रॉन वर-खाली चालतं. सकाळभर सगळं ठीक. जेवणाची सुट्टी झाली, मशिन पुन्हा चालू केलं, की पहिले काही जॉब मापाबाहेर. ऑपरेटर तोच, टूल तेच, प्रोग्रॅम तोच. का होत असेल?"

मुलगा आधी टूल झिजण्याबद्दल बोलला. प्रमुख म्हणाले, "सुट्टीत मशिन बंद असतं. बंद मशिनवर टूल कसं झिजेल?" मुलगा थांबला, मग म्हणाला, "सर, मशिन थंड होत असेल." उत्तर बरोबर दिशेला होतं. "कशावरून?" असं प्रमुखांनी विचारलं आणि तेवढ्यात पर्सोनेलच्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचा उमेदवार बाहेर बसलेला होता. विषय पगाराकडे आणि नोटीस पिरिअडकडे वळला. मुलाखत संपली.

हा प्रश्न किती खरा आहे, हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पत्राची किंमत कळणार नाही. पोलाद तापलं की वाढतं. एक मीटर लांबीचं पोलाद एका अंशाने तापलं तर साधारण अकरा-बारा मायक्रॉनने वाढतं. मशिनमध्ये टूल पुढे-मागे नेणारा बॉल स्क्रू असतो. त्याची कामातली लांबी 300 मिलिमीटर धरली आणि काम करताना तो दहा अंशांनी तापला असं मानलं, तर तो 35 मायक्रॉनच्या आसपास वाढेल. ही सगळी वाढ जॉबवर उतरत नाही, कारण मशिन बनवणाऱ्यांनी त्यावर काही उपाय केलेले असतात. पण इथे मुभाच दहा मायक्रॉनची आहे. त्या वाढीचा तिसरा हिस्सा उतरला तरी जॉब बाद. सकाळभर चालून मशिन एका तापमानाला स्थिरावतं, सेटरने माप त्या स्थितीत बसवलेलं असतं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत ते निवतं, पुन्हा चालू केल्यावर हळूहळू तापतं, आणि तेवढ्या वेळात निघालेले जॉब फसतात. त्यात ऑपरेटर पहिला जॉब मोजून घाईने ऑफसेट बदलतो. मशिन तापून मूळ जागी आलं की बदललेला ऑफसेटच चुकीचा ठरतो आणि मग उलट्या बाजूने जॉब बाद व्हायला लागतात. शॉप फ्लोअरवर वावरलेल्या माणसाला हा पाठशिवणीचा खेळ नवीन नाही.

मुलाखत दुपारी तीनच्या सुमारास संपली. साडेसहाच्या आसपास मॅडमनी त्या मुलाचा ईमेल आम्हा दोघांना पुढे पाठवला. मूळ पत्र इंग्रजीत होतं. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

"आदरणीय सर, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी आज दुपारी आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर शाफ्ट मापाबाहेर जातात, या आपल्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच दिलं. मशिन थंड होत असेल असं म्हणालो, पण ते तपासायचं कसं हे सांगायचं राहिलं. सुट्टीनंतर ऑफसेटला हात न लावता सलग वीस जॉब काढावेत आणि प्रत्येकाचं माप, वेळेसकट, क्रमाने लिहावं असं मला वाटतं. माप हळूहळू सरकत आपोआप सुट्टीआधीच्या जागी आलं, तर कारण तापमानाचं आहे. ते एकदम बदलून तिथेच राहिलं, तर जॉबची पकड किंवा इन्सर्ट पाहावं लागेल. मी आपलं मशिन चालताना पाहिलेलं नाही, त्यामुळे हा अंदाज आहे. या कामात हातभार लावायला मला आवडेल. आपला नम्र."

खाली नाव आणि फोन नंबर. संपलं.

या पत्रात काय आहे आणि काय नाही, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. आभाराचं वाक्य एकच आहे आणि ते सुरुवातीलाच उरकलं आहे. कंपनी किती मोठी, साहेब किती अनुभवी, यावर एक अक्षर नाही. 'मी घाबरलो होतो म्हणून उत्तर देता आलं नाही' अशी सारवासारव नाही. 'अर्धंच दिलं' एवढं साधं सांगून तो पुढे गेला आहे. आपण काय सुचवतो हे त्याने सांगितलं आणि ते चुकीचं असेल तर कशावरून कळेल, हेही सांगितलं. माझ्या मते पत्राचा जीव तिथे आहे. 'कारण तापमानाचं आहे' असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. 'तापमानाचं नसेल तर माप असं दिसेल' हे सांगणारा माणूस क्वालिटीच्या कामाचा. आणि शेवटी, मशिन पाहिलेलं नाही याची त्याने स्वतःहून आठवण ठेवली. वीस वर्षं ते मशिन चालवणाऱ्या माणसाला दारातून आत न आलेल्या पोराने उपदेश करू नये, हा पोच त्या एका वाक्यात होता.

आता, पुढे पुढे करणं म्हणजे काय, हे या पत्राशेजारी ठेवून पाहावं. लोणी नेहमी माणसाला लावलं जातं. ते लावणाऱ्याला कामाशी देणंघेणं नसतं. नेमका मुद्दा पत्रात आला की पत्राचं तोंडच फिरतं. ते साहेबांकडे न पाहता शाफ्टकडे पाहायला लागतं. मग आभारही खरे वाटतात, कारण कशाबद्दल आभार मानले ते दिसतं: तुम्ही तुमची खरी अडचण माझ्यापुढे ठेवलीत, मला तिच्यावर विचार करू दिलात. स्वाभिमानी मुलाला जी कुचंबणा वाटते, तिच्यावर हा एक मुद्दाच उतारा आहे.

मात्र मुद्दा कोणता उचलायचा, हे पुष्कळांना कळत नाही. सोपी चूक अशी, की ज्या प्रश्नाचं उत्तर आपण छान दिलं, तोच पुन्हा पत्रात सांगायचा. ते उत्तर त्यांनी ऐकलेलं आहे, त्यावर गुणही दिलेत. उलट जो प्रश्न समोरच्याने फिरून दोनदा विचारला, जो सांगताना तो कागदावरून नजर उचलून आपल्याकडे पाहू लागला, किंवा वेळ संपल्यामुळे जो अर्धवट राहिला, त्यात त्याचा जीव अडकलेला असतो. कधी तर तो मुलाखतीत येतच नाही, निरोप घेताना येतो. प्राथमिक शाळेच्या एका मुख्याध्यापिकाबाईंनी उमेदवार शिक्षिकेला दारापर्यंत सोडताना सहज सांगितलं होतं, की चौथीची मुलं गणिताचा मजकूर घडाघडा वाचतात, पण 'एकूण' हा शब्द दिसला की डोळे मिटून बेरीज करून मोकळी होतात. त्या शिक्षिकेने संध्याकाळच्या पत्रात तेवढंच धरलं: 'एकूण' असूनही वजाबाकी करावी लागेल असं एक उदाहरण मुलांना द्यावं आणि आकडे काढून टाकून आधी गोष्ट तोंडी सांगायला लावावी. उदाहरणही तिने एकाच ओळीत दिलं होतं: टोपलीत एकूण बारा आंबे आहेत, त्यातले पाच कच्चे, तर पिकलेले किती? बाईंनी ते उदाहरण दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहून पाहिलं.

हे सगळं आठवायचं तर मुलाखतीतून बाहेर पडल्या पडल्या कागद काढावा लागतो. घरी जाऊन, जेवून, आईला सगळं सांगून झाल्यावर जे आठवतं ते आपण काय बोललो ते. समोरचा काय बोलला ते पुसट झालेलं असतं. म्हणून बसस्टॉपवर, चहाच्या टपरीवर, जिथे बसता येईल तिथे दोन-तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: त्यांनी स्वतःबद्दल काय सांगितलं, कोणता आकडा उच्चारला, काय राहून गेलं. त्या मुलाच्या पत्रात 'वेळेसकट' हा शब्द आहे, तो अशा टिपणाशिवाय येत नाही. प्रमुखांनी 'पहिले काही जॉब' असं म्हटलं होतं. किती आणि किती वेळात, हे सांगितलं नव्हतं. नेमकी तीच मोकळी जागा त्याने भरायला घेतली.

आता त्याच दिवशीच का? याचं कारण शिष्टाचारात शोधू नये, मुलाखतीच्या खोलीत शोधावं. दिवसाला पाच-सहा उमेदवार येतात. प्रत्येकाच्या नावाचा एक छापील तक्ता असतो: विषयाचं ज्ञान, बोलणं, अनुभव, असे रकाने आणि खाली शेऱ्याची जागा. काही जण उमेदवार उठताच तक्ता भरतात, काही जण दिवसअखेरीस एकदम भरतात. तोवर दुसरा आणि चौथा उमेदवार डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात. निळा शर्ट घातलेला मुलगा तापमानाचं बोलला, की त्याच्या नंतरचा? मग संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बसतात आणि नावं पक्की होतात. त्यानंतर आलेलं पत्र कितीही चांगलं असलं तरी ते वरातीमागून घोडं. शुक्रवारी मुलाखत झाली आणि पत्र सोमवारी सकाळी गेलं, तर मधल्या सुट्टीत बहुधा ठरवून झालेलं असतं.

अति घाईही नको. फाटकाबाहेर पाऊल पडायच्या आत फोनवर आलेला ईमेल वाचताना वाटतं, हा आधीच लिहून ठेवला होता. दोन तास जाऊ द्यावेत. तेवढ्यात मुद्दा डोक्यात मुरतो आणि भाषाही खाली बसते.

पत्राचं शरीर लहान असावं. शंभर ते दीडशे शब्द पुरतात. फोनच्या पडद्यावर बोट फार न सरकवता वाचून झालं पाहिजे. विषयाच्या ओळीत जागेचं नाव आणि तारीख असावी, म्हणजे पर्सोनेलवाल्यांना ते शोधता येतं. मुलाखतीचं बोलावणं ज्या ईमेलवर आलं, त्यालाच उत्तर म्हणून पाठवावं आणि साहेबांपर्यंत पोचवण्याची विनंती करावी. साहेबांचा खाजगी नंबर कुठून तरी मिळवून व्हॉट्सॲपवर पाठवणं म्हणजे दिवाणखान्यात बसायला सांगितलेल्या माणसाने स्वयंपाकघरात शिरणं. तिघांनी मुलाखत घेतली असेल तर एकच पत्र तिघांना चालतं. वेगवेगळी पाठवायची असतील तर खरोखर वेगवेगळी हवीत, कारण ती पत्रं एकमेकांना दाखवली जातात. तिन्हीत एकच वाक्य सापडलं की आधीचा सगळा चांगुलपणा वाहून जातो.

पत्र बिघडतं कसं, हेही पाहिलं आहे. जुन्या पत्रात नाव बदलताना एका जागी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून जातं. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. कुणी निकाल कधी लागणार असं विचारतो, कुणी पगाराचा विषय पुन्हा काढतो. मग आभार हे नुसतं निमित्त होतं, हे उघडं पडतं. कुणी मुद्दा उचलतो आणि त्यावर दोन पानी अहवाल जोडतो. मुलाखत घेणाऱ्याला तो वाचायला वेळ नसतो आणि न वाचल्याची टोचणी मात्र लागते. कुणी साहेबांचीच चूक काढतो. ती खरी असली तरी तिची जागा पत्रात नाही, समोरासमोरच्या बोलण्यात आहे. आणि एक बारीक पण महत्त्वाचं पथ्य: मुलाखतीत विश्वासाने सांगितलेले आकडे, गिऱ्हाइकाचं नाव, किती माल परत आला हे पत्रात लिहू नये. ईमेल कुठेही पुढे जातो. त्या मुलाने शाफ्ट लिहिलं. तो कोणत्या गाडीत बसतो, हे मुलाखतीत निघालं होतं, ते लिहिलं नाही. प्रॉडक्शनच्या प्रमुखांच्या हे लगेच ध्यानात आलं.

पाठवण्याआधी पत्र तपासायची एक सोपी रीत आहे. कंपनीचं आणि माणसाचं नाव बोटाने झाकावं आणि वाचावं. ते दुसऱ्या कुठल्याही मुलाखतीनंतर पाठवता येण्यासारखं असेल, तर अजून मुद्दा आलेला नाही.

आणि जिथे पत्र पाठवूच नये अशाही जागा आहेत. लोकसेवा आयोगाची किंवा सरकारी भरतीची मुलाखत असेल, तर निवड समितीच्या सदस्याला नंतर काही लिहिणं हा शिष्टाचार नव्हे. सरकारी जाहिरातींत पुष्कळदा स्पष्ट छापलेलं असतं, की कोणत्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल. आपल्या मनात वशिला नसतो. पण तिथे सगळ्यांना सारख्या अंतरावर ठेवणं हाच नियमाचा हेतू आहे आणि तो पाळणं हेच सौजन्य. महाविद्यालयातल्या भरतीत कंपनीशी बोलणं प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत होतं, तिथे त्यांना विचारून पाठवावं. आणि जिथे प्रत्येकाला तेच प्रश्न, ठरलेले गुण, नंतर बेरीज अशी पद्धत असते, तिथे पत्राने एकही गुण हलत नाही. हलू नयेच.

त्या मुलाच्या बाबतीतही गुण हलले नाहीत. तक्ता तीन वाजताच भरून झाला होता आणि तपासणीच्या प्रश्नापुढे 'दिशा बरोबर, अपुरं' असं लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. पत्राचा परिणाम दुसऱ्या फेरीत दिसला. प्रॉडक्शनचे प्रमुख त्याला पहिलंच म्हणाले, "तुझं पत्र वाचलं. वीस जॉब भंगारात घालायला मला कोण देईल?" पत्र लिहिताना त्या मुलाने याचा विचार केला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसलं. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सर, सुट्टीनंतर सुरुवातीलाच व्यास दोन दशांश मिलिमीटर मोठा ठेवू. तेवढ्यावरही माप कसं सरकतं ते दिसेल. नंतर तेच जॉब पुन्हा मशिनवर घेऊन पक्क्या मापाला आणता येतील." मग दोघं मोजण्याबद्दल बोलले: मशिनवरून काढलेला जॉब गरम असतो, म्हणून प्रत्येक जॉब सारखाच वेळ थांबून मोजायचा. सुट्टीत कुणी कट न घेता वॉर्म-अपचा प्रोग्रॅम चालवत ठेवला तर काय होईल, इथपर्यंत गोष्ट गेली. ती मुलाखत राहिली नव्हती, शिफ्टच्या आधी दोघांनी मशिनपाशी उभं राहून बोलावं तसं ते बोलणं चाललं होतं. त्याची निवड झाली ती त्या बोलण्यावर. पत्राने एवढंच केलं, की ते बोलणं जिथे तुटलं होतं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे पत्र न पाठवणाऱ्याचं मन खट्टू होईल असं काही आम्ही केलं नाही, आणि कुणी करूही नये. आयटीआयमधून आलेल्या मुलाला ही रीत कुणी सांगितलेलीच नसते. रीत माहीत असणं हा गुण नव्हे. म्हणून पत्र आलं नाही याची नोंद घ्यायची नाही, आलेल्या पत्रात काही असेल तर तेवढं वाचायचं, असा आमचा शिरस्ता होता. घेणाऱ्यांच्या बाजूला बसणाऱ्यांनी तो पाळला, तर ही रीत पुढे पुढे करणाऱ्यांच्या हाती जाणार नाही.

उमेदवाराच्या बाजूने मात्र या पत्राचा आणखी एक उपयोग आहे आणि तो नोकरी मिळण्या-न मिळण्यावर अवलंबून नाही. टपरीवर बसून टिपायला घेतलं आणि एकही मुद्दा आठवला नाही, असंही होतं. मग थांबून स्वतःला विचारावं. आपण ऐकलंच नाही का? पुढच्या उत्तराची जुळवाजुळव करण्यात समोरच्याचं बोलणं कानावरून गेलं का? तसं असेल तर पुढच्या मुलाखतीसाठी काय सुधारायचं ते कळलं. पण कधी कधी आपण नीट ऐकलेलं असतं आणि तरीही मुद्दा सापडत नाही, कारण अर्धा तास समोरच्यांनी कामाबद्दल काही विचारलंच नाही. जुना पगार, राहायला कुठे, लग्न झालंय का, रविवारी याल का, एवढ्यावरच सगळं आटोपलं. अशा वेळी ओढूनताणून मुद्दा घालू नये. दोन ओळींचे साधे आभार लिहावेत, कारण वेळ तर त्यांनी दिलाच आहे. आणि उद्या तिथून होकार आला, तर हो म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की ज्यांना मुलाखतीत आपल्याशी कामाचं बोलावंसं वाटलं नाही, त्यांच्याकडे आपण रोज आठ तास काम करणार आहोत.